कॉस्च्युम ढिला का पडतो?

प्रश्न : ताई, माझी मुलगी दहा वर्षांची आहे. सुट्टीत रोज सकाळी सातच्या बॅचला टँकवर पोहायला जाते, तिथून परस्पर बास्केटबॉलला. घरी यायला साडेबारा वाजतात. तोपर्यंत ओला कॉस्च्युम प्लॅस्टिकच्या पिशवीत. मग कामाच्या मावशी तो गरम पाण्यात, पावडरमध्ये भिजवतात, ब्रश मारतात आणि गच्चीवर वाळत घालतात. एप्रिलमध्ये घेतलेला नवा कॉस्च्युम मे संपायच्या आत बसायच्या जागी ढिला पडला, निळ्याचा राखाडी झाला आणि वास तर जातच नाही. शेजारच्या काकू म्हणतात, व्हिनेगरमध्ये बुडव, क्लोरीन मरतं. जाऊबाई मिठाचं पाणी सांगतात. नक्की काय करू? आणि हा कॉस्च्युम पुन्हा घट्ट होईल का?
— एक आई, कोथरूड

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते छोटं आहे. नाही होणार. खात्री करून घ्यायची असेल तर कॉस्च्युम खिडकीसमोर उजेडात धरा आणि बसायच्या जागचं कापड दोन्ही हातांनी आडवं ताणा. कापडातून पांढरे, बारीक, रबरासारखे धागे बाहेर डोकावताना दिसतील. काही तुटून त्यांची टोकं वर आलेली असतील. ताण सोडल्यावर चांगलं कापड झटकन मूळ जागी येतं. हे मात्र सावकाश, अर्धवट मागे येईल आणि मध्ये झोळ राहील. ते पांढरे धागे म्हणजे इलास्टेन, ज्याला दुकानात सरसकट लायक्रा म्हणतात. कापडाचा सगळा ताण त्यांच्यावर असतो. ते तुटले की व्हिनेगर, मीठ, कंडिशनर, काहीही लावा, सांधले जात नाहीत.

आता हे कशाने झालं ते पाहू. सगळे क्लोरीनचं नाव घेतात. ते खरं आहे, पण अर्धंच.

आपल्याकडे मिळणारे बहुतेक कॉस्च्युम नायलॉन आणि इलास्टेन यांच्या मिश्रणाचे असतात. शिवणीतल्या लेबलवर पाहा, ८० टक्के पॉलिअमाइड आणि २० टक्के इलास्टेन किंवा त्याच्या आसपास काहीतरी लिहिलेलं असेल. पॉलिअमाइड म्हणजे नायलॉनच. इलास्टेन हे पॉलियुरेथेनच्या जातीचं, आणि त्याच्या लांब साखळ्यांमधले जोड क्लोरीन हळूहळू तोडत जातं. रंगावरही ते असंच काम करतं. तुमचा निळा राखाडी झाला तो रंग कच्चा होता म्हणून नव्हे, तर रंगाचा रेणूच मोडला म्हणून. म्हणूनच जाऊबाईंचा मिठाचा उपाय इथे लागू पडत नाही. मीठ क्लोरीनला काही करत नाही आणि मोडलेला रंगही परत आणत नाही.

टँकच्या पाण्यात मोकळं क्लोरीन साधारणपणे लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम ठेवतात. मुलगी पाऊण तास पाण्यात असते तेव्हा कापडावर जेवढं क्लोरीन खर्च होतं तेवढं भोवतालच्या पाण्यातून लगेच भरून येतं, पुरवठा थांबतच नाही. त्या पाऊण तासात झालेली झीज कुठल्याही धुण्याने भरून निघत नाही. पाण्यात उतरण्याआधी कॉस्च्युम साध्या पाण्याने ओला करावा म्हणजे तो टँकचं पाणी कमी पितो, असं सांगतात. पहिल्या काही मिनिटांपुरतं ते ठीक आहे. पोहायला लागल्यावर आतलं-बाहेरचं पाणी एक होऊन जातं. उतरण्याआधी शॉवर जरूर घ्यावा, पण त्याचं कारण वेगळं आहे, त्याकडे वासाच्या वेळी येते.

टँकमधून बाहेर आल्यावर मात्र गणित बदलतं. मुलीच्या मापाचा कॉस्च्युम हलकासा दाबून काढला तरी त्यात साधारण अर्धा पेला, म्हणजे १०० मिलिलिटर पाणी राहतं असं धरा. लिटरला २ मिलिग्रॅम या हिशेबाने त्यात क्लोरीन आलं ०.२ मिलिग्रॅम. एवढंच. नवीन क्लोरीन येत नाही आणि आहे ते कापडावर, घामावर खर्च होऊन संपतं. दोनदा स्वच्छ पाण्यातून काढलं तर यातलं बहुतेक निघून जातं. म्हणजे "क्लोरीन काढणं" हे काम फार अवघड नाही. ते लगेच झालं पाहिजे, इतकीच अट आहे. पावणेपाच तासांनी धुतलं तर काढायला क्लोरीन फारसं उरलेलंच नसतं, ते आपलं काम करून मोकळं झालेलं असतं. शिवाय मे महिन्यात बंद पिशवीत, उबेत, घाम आणि त्वचेच्या तेलासह पडलेलं ओलं कापड म्हणजे बुरशीला आणि जंतूंना आमंत्रणच. तुमच्या कॉस्च्युमचा कुबट वास बराचसा तिथला आहे.

उरलेलं नुकसान, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत मोठं नुकसान, घरी होतंय. गरम पाण्याने इलास्टेन सैल पडतं. पावडर अल्कधर्मी असते, तिच्यात बऱ्याचदा डाग काढणारं ब्लीचही असतं, म्हणजे टँकमधून सुटलेल्या कापडाला बादलीत पुन्हा तसलाच मार. ब्रशने वरचा नायलॉनचा धागा खरवडला जातो आणि आतलं इलास्टेन उघडं पडतं. आणि पुण्याची मे महिन्यातली गच्ची, म्हणजे वरून ऊन आणि खालून तापलेली लादी. कामाच्या मावशींचा यात काही दोष नाही. चादरी आणि शाळेचे शर्ट असेच धुवायचे असतात. हा कपडा त्या टोपल्यात जाताच कामा नये.

काकूंच्या व्हिनेगरबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हा सल्ला फार पसरलाय आणि चांगल्या हेतूने दिला जातो. व्हिनेगर आम्ल आहे. क्लोरीन निष्प्रभ करायचं तर त्याला आपले इलेक्ट्रॉन देऊन शांत करणारा पदार्थ लागतो, आणि व्हिनेगर त्यातला नाही. उलट पाणी आम्ल झालं की असलेलं क्लोरीन आणखी जोरकस रूपात येतं. आधी नीट विसळलेल्या कॉस्च्युमला पाण्यात चमचाभर व्हिनेगर लागल्याने काही बिघडणार नाही. बोअरवेलच्या जड पाण्यामुळे कापड कडक झालं असेल तर ते थोडं मऊही पडेल. पण क्लोरीन त्याने मरत नाही. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: व्हिनेगर आणि कपड्यांचं ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर एका बादलीत कधीही येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो छातीत भरतो. खाण्याच्या सोड्याचीही गोष्ट तशीच. वास थोडा कमी करतो, क्लोरीन मारत नाही.

खरोखर मारणाऱ्या दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही स्वस्त आहेत. एक क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड. दुसरं सोडियम थायोसल्फेट, ज्याला जुने फोटोग्राफर हायपो म्हणत. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात नळाचं पाणी माशांसाठी सुरक्षित करायला अँटी-क्लोरीन म्हणून जे थेंब किंवा खडे मिळतात ते बहुधा हेच असतं. लहान मुलगी स्वतःच्या हाताने वापरणार म्हणून मी क जीवनसत्त्व निवडेन. एक मिलिग्रॅम क्लोरीन शांत करायला सुमारे अडीच मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. तुमच्या कॉस्च्युममधल्या ०.२ मिलिग्रॅमसाठी अर्धा मिलिग्रॅम पुरेल, हे चिमटीतही येणार नाही इतकं कमी आहे. नळाच्या पाण्यातही थोडं क्लोरीन असतं, पाच लिटरच्या बादलीत एक-दोन मिलिग्रॅम धरा. सगळं मिळून चिमूटभर पावडर गरजेच्या कितीतरी पट होते. तेव्हा चमचे भरभरून टाकू नका, तेही शेवटी आम्लच आहे. आणि केमिस्टकडची चघळायची नारिंगी गोळी वापरू नका. तिच्यात साखर आणि रंग असतो, फिकट कापडावर तो बसेल. साधी पांढरी पावडर मागा.

हे रोज करायलाच हवं का? नाही. टँकवरच नीट विसळलं असेल तर आठवड्यातून एकदा, किंवा वास यायला लागला की, पुरे. जाहिरातीतले "स्विमवेअर क्लीनर" बाटल्यांमध्ये विकले जातात, त्यातल्या बऱ्याच जणांचं काम याच तत्त्वावर चालतं. घ्यायचे तर घ्या, पण घेतलेच पाहिजेत असं नाही.

डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काकूंचं समाधान होणार नसेल, तर एक सोपी तपासणी आहे. ग्रामपंचायतीत पाण्याची ओटी टेस्ट करतात ना, नळीत पाणी घेऊन थेंब टाकतात आणि पिवळा रंग आला की क्लोरीन आहे असं समजतात, तीच. तिचं किट टँकचं किंवा पाणी शुद्धीकरणाचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. टँकवरून आलेल्या न विसळलेल्या कॉस्च्युमचं पाणी लगेच एका नळीत पिळा आणि थेंब टाका. पिवळं होईल. दुसऱ्या नळीत तेच पाणी घ्या, आधी क जीवनसत्त्वाचा कण घाला, मग थेंब टाका. काही दिसणार नाही. व्हिनेगर घातलेल्या तिसऱ्या नळीत पिवळा रंग तसाच येईल. ते थेंब हाताला लागू देऊ नका आणि तपासलेलं पाणी मोरीत ओतून द्या, पोरांच्या हातात किट देऊ नका.

आता तुमच्या वेळापत्रकात हे बसवू. बास्केटबॉल सोडायला मी सांगणार नाही.

बॅच संपली की मुलीने अंगावर कॉस्च्युम असतानाच शॉवरखाली उभं राहायचं, दोन मिनिटं, पाठीवर, पोटावर आणि खासकरून पायांच्या कडांच्या इलॅस्टिकवर पाणी जाईल असं. मग बदलताना कॉस्च्युम काढून बादलीत किंवा नळाखाली दोनदा खळबळायचा. मुठीत दाबून पाणी काढायचं, पीळ घालायचा नाही. पिळताना सगळा ताण एकाच रेषेत त्या बारीक धाग्यांवर येतो. नंतर कोरड्या पंचात किंवा जुन्या टॉवेलात पसरून त्याची वळकटी करायची आणि गुडघ्याने दाबायची. राहिलेलं पाणी टॉवेलात उतरतं. ही वळकटी तशीच बॅगेत ठेवायची नाही, हे मुलीला दोनदा सांगा, कारण तीच सगळ्यात सोपी पडते आणि तीच टाळायची आहे. कॉस्च्युम मोकळा करून जाळीच्या पिशवीत, भाजीच्या जाळीची असली तरी चालेल, बॅगेच्या बाहेरच्या बाजूला अडकवायचा. एवढं केलं की साडेबारापर्यंत तो जवळजवळ वाळलेला असेल. बॅग मात्र गाडीच्या डिकीत राहू देऊ नका. उन्हातल्या गाडीत गरम पाण्यापेक्षा वेगळं काही घडत नाही.

घरी आल्यावरचं धुणं दहा मिनिटांचं आहे आणि दहा वर्षांच्या मुलीने करण्यासारखं आहे. अर्धी बादली थंड पाणी. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चांगलंच तापलेलं येतं, ते नको. सकाळी भरून ठेवलेलं घ्या. त्यात लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारं सौम्य लिक्विड एक छोटा चमचा. घरात रिठा असेल तर त्याचं गाळलेलं पाणीही उत्तम, फक्त पांढऱ्या किंवा फिकट कॉस्च्युमला नको, पिवळसर झाक येते. कॉस्च्युम उलटा करून पाण्यात पाच मिनिटं ठेवायचा, हाताने हलकं चुबकायचं, काखेत आणि पायांच्या कडांना बोटांनी चोळायचं आणि फेस जाईपर्यंत विसळायचं. ज्या दिवशी क जीवनसत्त्व वापरायचं, त्या दिवशी ते साबणाच्या आधी, वेगळ्या पाण्यात चिमूटभर, दहा मिनिटं. रात्रभर भिजवणं कशातच नाही, साध्या पाण्यातसुद्धा नाही. फॅब्रिक कंडिशनरही नको. त्याचा थर धाग्यावर बसतो, कापड गुळगुळीत लागतं, पण पाणी आणि साबण आत जायला अडतात आणि वास आत राहतो.

मशीनच वापरायचं असेल तर जाळीच्या पिशवीत, थंड पाण्यावर, नाजूक कपड्यांच्या सायकलवर, स्पिन अगदी कमी ठेवून. जीन्सच्या झिपरसोबत तर मुळीच नको. ड्रायर आणि इस्त्री यांचा तर प्रश्नच येत नाही.

वाळवायचा तो सावलीत, उलटा, टॉवेलावर आडवा पसरून. दोरीवर घालायचा असेल तर कमरेत दुमडून टाका. खांद्याच्या पट्ट्यांना चिमटे लावून टांगला की ओल्या कापडाचं वजन त्या पट्ट्यांना रोज थोडं थोडं ओढतं. पावसाळ्यात हवा दमट असली की पंख्याखाली ठेवा.

वासाचं आता. टँकच्या ज्या वासाला आपण क्लोरीनचा वास म्हणतो, तो बहुतांशी क्लोरामाइन्सचा असतो. क्लोरीनची पोहणाऱ्यांच्या घामाशी, लघवीशी गाठ पडली की ती तयार होतात. ती कापडात क्लोरीनपेक्षा चिवटपणे राहतात आणि क जीवनसत्त्व त्यांच्यावरही चालतं. पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्यायचा तो यासाठी. बॅचमधल्या सगळ्यांनी घेतला तर टँकला वास कमी येईल. तुम्ही डोक्याला आणि अंगाला खोबरेल तेल लावून मुलीला पाठवत असाल तर तेही थांबवा. तेल टँकमध्ये उतरतं, कॉस्च्युममध्ये मुरतं, इलास्टेनला मानवत नाही आणि नुसत्या पाण्याने निघत नाही. टोपीखाली केसांना अगदी थोडं लावलं तर ठीक. सनस्क्रीन लावायलाच हवं, पण ते अंगात जिरल्यावर कॉस्च्युम घाला. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल आणि धुतल्यावर मानेपाशी, पट्ट्यांवर नारिंगी डाग उठत असतील, तर तो गंज-डाग असतो. काही सनस्क्रीनमधलं ॲव्होबेंझोन पाण्यातल्या लोहाशी मिळून तो करतं. त्यावर ब्लीच टाकलं तर डाग आणखी गडद होतो. लिंबाचा रस पाच मिनिटं लावून धुवा.

आणखी एक शक्यता तपासा. बॅचमधल्या इतर मुलींचे कॉस्च्युमही महिन्याभरात विटत असतील, सगळ्यांचे डोळे लाल होत असतील, तर धुण्यात खोट शोधत बसू नका. टँकवर क्लोरीन आणि पीएचची नोंद ठेवतात, ती दाखवायला सांगा. पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये असावा. रात्री शेवटची बॅच गेल्यावर पावडर टाकली जात असेल तर पहाटेच्या पाण्यात क्लोरीन जास्त असू शकतं, आणि सातची बॅच त्याच पाण्यात उतरते. रीडिंग बॅचच्या आधी घेतलंय की दुपारी, हे विचारा.

नवीन घेताना रंगापेक्षा आधी लेबल वाचा. रोज पोहणाऱ्या मुलीसाठी पॉलिएस्टर आणि पीबीटी अशा मिश्रणाचा, इलास्टेन नसलेला कॉस्च्युम घ्या. पीबीटी ही पॉलिएस्टरचीच एक जात आहे. तिचा धागा कुरळा असल्यामुळे ताणला जातो आणि क्लोरीनला तो इलास्टेनपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. त्याचा रंगही लवकर जात नाही. अंगाला तो लायक्रासारखा चिकटून बसत नाही, पहिल्यांदा जरा कडक वाटतो, काही मुली कुरकुरतात. दुकानदार तुम्हाला "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून एक माप मोठा दाखवेल आणि तुमचाही हात तिकडे जाईल. घेऊ नका. कमी ताणणाऱ्या कापडाचा मोठा कॉस्च्युम पाण्यात फुग्यासारखा भरतो आणि मुलगी पोहायचं सोडून तो सावरत बसते. नायलॉन-इलास्टेनचाच आवडला तर दोन घ्या आणि एक दिवसाआड वापरा, म्हणजे प्रत्येकाला पूर्ण वाळायला वेळ मिळतो.

जुना कॉस्च्युम लगेच टाकू नका. उजेडात धरल्यावर बसायच्या जागेतून तुमची बोटं दिसत नसतील, तर घरच्या टबात किंवा पावसात भिजायला अजून चालेल. बोटं दिसत असतील तर टँकवर नकोच. कोरडा असताना बऱ्यापैकी वाटणारं कापड ओलं झाल्यावर आणखी पारदर्शक होतं, आणि मुलीला ते पाण्याबाहेर आल्यावर कळतं.